परक्या ग्रुपमध्ये कोणीतरी घातलंय, आणि नंबर लपवायचा कसा?

सुनीता, क्लेटन, मेलबर्न

नमस्कार मंडळी,

सकाळी फोन बघते तर 'व्हीआयपी स्टॉक' असल्या नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मी बसलेली. चारशे माणसं, ओळखीचं एक नाही. कोणी नफ्याचे फोटो टाकतंय, कोणी 'सर, थँक यू' म्हणतंय. अडचण अशी की मुलाने मागेच `Settings > Privacy > Groups` मध्ये `My contacts` करून दिलं होतं. आत्ता पुन्हा उघडून बघितलं, तसंच आहे. मग परक्याने मला आत घेतलं कसं? आणि आता बाहेर पडू का? त्या चारशे जणांना माझा नंबर दिसत असेल ना?

---

निखिल, वेरिबी

काकू, बाहेर पडू नका! पडलात की त्यांना कळतं की हा नंबर जिवंत आहे, मग फोन सुरू होतात. म्यूट करा, आर्काइव्हमध्ये टाका, विसरून जा. मी असे तीन-चार ग्रुप तसेच ठेवलेत. आणि खरं सांगायचं तर व्हॉट्सअ‍ॅपच सोडा, टेलिग्रामवर या. तिथे नंबर कोणालाच दिसत नाही.

---

अशोक, ग्लेन वेव्हर्ली

नंबर लपवणं अगदी सोपं आहे. इथे ऑस्ट्रेलियात मोबाइलवरून नंबर फिरवायच्या आधी `#31#` लावायचं, घरच्या लँडलाइनवरून असेल तर `1831`. समोरच्याला नंबर दिसत नाही. मी कितीतरी वर्षं वापरतोय. एवढ्यासाठी अ‍ॅप कशाला बदलायचं?

---

वैशाली, बॉक्स हिल

अशोककाका, तुमचं बरोबर आहे, पण ते साध्या फोन कॉलपुरतं. व्हॉट्सअ‍ॅपचं खातंच नंबरावर उघडलेलं असतं, त्याला `#31#` माहीतही नसतं.

सुनीताकाकू, एक सांगा. त्या ग्रुपमध्ये अगदी वर, पहिल्या मेसेजच्याही आधी, राखाडी अक्षरांत 'अमुक added you' अशी ओळ असते. तिथे नुसता नंबर दिसतोय की काही नाव?

---

सुनीता

थांब, बघते.

'उचलू नये २' असं दिसतंय. अगं, हे नाव मीच दिलंय! गेल्या महिन्यात या नंबरावरून सारखे कॉल येत होते, पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून सेव्ह केला. 'उचलू नये १' पण आहे, तो विम्यावाला.

---

वैशाली

मग उलगडा झाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या लेखी कॉन्टॅक्ट म्हणजे तुमच्या फोनमध्ये सेव्ह असलेला नंबर. नाव 'आई' आहे की 'उचलू नये', हे ते वाचत नाही. सेव्ह केलात त्या दिवशी तो तुमच्या `My contacts` मध्ये आला. तुम्हाला ग्रुपमध्ये घालायची मुभा त्याला मिळाली, फोटो आणि स्टेटस 'फक्त कॉन्टॅक्ट्सना' ठेवलं असेल तर तेही दिसायला लागलं. `Silence unknown callers` चालू असलं तरी त्याचा कॉल वाजणार, कारण तो आता अनोळखी राहिलाच नाही. खूप जण असं करतात. माझ्या सासऱ्यांच्या फोनमध्ये 'फ्रॉड' नावाने अर्धा डझन नंबर होते.

आता क्रमाने. आधी ग्रुपच्या माहितीच्या पानावर सगळ्यात खाली जाऊन `Report group` करा, म्हणजे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. मग `Exit group`. मग 'उचलू नये' दोन्ही ब्लॉक करा आणि कॉन्टॅक्ट्समधून पुसा. ब्लॉक न करता नुसते पुसलेत तर ग्रुपचं दार बंद होईल, पण मेसेज येत राहतील.

निखिल, तुझं अर्धं खरं आहे. २०२२ पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, सगळ्या ग्रुपला नाही. इथे अ‍ॅडमिन म्हणजेच भामटा, म्हणजे त्याला कळणार हे खरं. शिवाय साठ दिवस 'पूर्वीचे सदस्य' या यादीत नाव राहतं. पण आत बसून राहिलास तर त्या चारशे जणांपुढे तुझा नंबर उघडा असतो, आणि त्यातला कोणीही तो उचलून पुढच्या ग्रुपला देऊ शकतो. म्यूट केल्याने फक्त आवाज थांबतो.

टेलिग्रामचंही तसंच. `Phone Number` खाली `Nobody` तुला स्वतः निवडावं लागतं. ते निवडल्यावर खाली आणखी एक प्रश्न येतो, नंबरावरून मला कोण शोधू शकेल, तिथेही `My Contacts` करायचं. इतकं करूनही ज्याच्या फोनमध्ये तुझा नंबर आधीच सेव्ह आहे त्याला तो दिसतोच. शिवाय नवा कॉन्टॅक्ट जोडताना `Share My Phone Number` वर खूण असली तर आपण आपल्याच हाताने नंबर देतो. परक्यांनी ग्रुपमध्ये घालू नये म्हणून तिथे वेगळी सेटिंग आहे, ती तू बघितलीस का?

---

निखिल

नाही बघितली. `Everybody` निघालं. बदललं. त्या तीन-चार ग्रुपचं संध्याकाळी बघतो.

---

सुनीता

झालं सगळं. पण वैशाली, पुसल्यावर तो साध्या फोनवर आला तर ओळखू कसा?

---

वैशाली

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ब्लॉक व्हॉट्सअ‍ॅपपुरताच. साध्या कॉलसाठी फोनच्या कॉल यादीत जाऊन तोच नंबर वेगळा ब्लॉक करा. दोन्हीकडे केलंत की ओळखायची गरजच उरत नाही. तो दुसऱ्या नंबरावरून येईल, पण तो नंबर सेव्ह नसेल, त्यामुळे ग्रुपमध्ये घालू शकणार नाही. फार तर आमंत्रणाचं कार्ड पाठवेल. त्याला हात लावला नाही तर ते तीन दिवसांनी आपोआप मरतं.

आता जरा नाजूक विषय. काकूंचा नंबर मुळात त्याच्याकडे गेला कुठून? माहीत नाही. पण गणपतीच्या पोस्टरवर आपण मंडळाच्या ग्रुपचा क्यूआर कोड छापला होता, आणि तो फेसबुकवर अजून आहे. जो स्कॅन करेल तो आत, आणि आत आला की आपल्या सगळ्यांचे नंबर त्याच्यासमोर. साध्या ग्रुपमध्ये नंबर लपवायची सोयच नाही.

---

मिलिंद, सचिव

वैशालीताई, लिंक आत्ताच रीसेट केली, जुना क्यूआर आता चालणार नाही. नवीन येणाऱ्याला अ‍ॅडमिनची परवानगी लागेल असंही केलंय. मात्र गेलेले नंबर काही परत येत नाहीत.

पुढे काय करायचं यावर समितीत दोन मतं आहेत. एक, कम्युनिटी करायची. तिथल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्याचा नंबर फक्त अ‍ॅडमिनला आणि ज्यांच्याकडे तो आधीच सेव्ह आहे त्यांना दिसतो. दुसरं, सरळ चॅनेल करायचं, तिथे फॉलो करणाऱ्याचा नंबर अ‍ॅडमिनलासुद्धा दिसत नाही.

---

अशोक

चॅनेलवर उत्तर देता येत नाही म्हणे. मग दिवाळीला पुरणपोळ्या किती आणि चकली कोणाकडून, हे ठरवायचं कुठे? कम्युनिटीत स्वयंपाकाचा वेगळा ग्रुप केलात तर तिथे नंबर पुन्हा सगळ्यांना दिसणारच ना?

---

वैशाली

हो काका, दिसणारच. त्या उपग्रुपमध्ये जो जाईल त्याचा. म्हणून निदान तिथे फक्त स्वयंपाकाला हात लावणारे असावेत.

---

मिलिंद

मग हात लावणारे किती निघतात ते आधी कळू दे. रविवारच्या बैठकीत विषय घेतो. सुनीताकाकू, तो पोस्टर फेसबुकवरून काढायला तुमच्या सूनबाईंना सांगाल का? त्यांनीच टाकला होता, माझ्याकडे तिथला पासवर्ड नाही.