मदत हवी आहे: कमेंट मी उडवत नाही, तरी लोक म्हणतात उडवता! काय करू?

शेंगदाणा_सोलापूर:
नमस्कार मंडळी. माझा खाण्यापिण्यावरचा मराठी ब्लॉग आहे. मागच्या महिन्यात शेंगा चटणीवर लेख टाकला, चांगला चालला. आता एक गृहस्थ हात धुऊन मागे लागलेत. "माझी कमेंट का उडवली? पैसे घेऊन लिहिता, म्हणून टीका सहन होत नाही," असं लेखाखाली लिहिलंय. त्याचा स्क्रीनशॉट सोलापूरच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. मी एकही कमेंट उडवलेली नाही, देवाशप्पथ! आता वाटतंय कमेंट बंदच कराव्यात आणि या माणसाला एक सणसणीत उत्तर देऊन टाकावं. काय करू लवकर सांगा, डोकं फिरलंय.

पार्क_चौक:
ताई, पोलिसात जा. आयटी कायद्याचं कलम 66अ लावा, असली माणसं सुतासारखी सरळ येतात. माझ्या मेव्हण्याने एकाला नुसती धमकी दिली होती, त्याने लगेच पोस्ट काढली.

वकिलीण_बाई:
66अ सुप्रीम कोर्टाने 2015 सालीच रद्द केलंय, श्रेया सिंघल खटल्यात. त्या कलमाची धमकी देणाऱ्याचंच हसं होतं. आणि "पैसे घेऊन लिहिता" एवढ्यावर पोलिसात जाणार? उद्या त्याचाही स्क्रीनशॉट फिरेल.

धागेदोरे:
ताई, ब्लॉग कशावर आहे? वर्डप्रेस, ब्लॉगर, आणखी काही? कमेंट आधी तुम्ही मंजूर करता की थेट दिसतात? त्या गृहस्थांची हरवलेली कमेंट नेमकी काय होती? आणि हा एकटाच माणूस आहे, की आणखी कुणी तसंच म्हणालंय?

पेज_वाला:
कमेंट उडवायची नाही, हाइड करायची. माझ्या फेसबुक पेजवर मी तेच करतो. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसत राहते, बाकीच्यांना नाही. त्याला पत्ताही लागत नाही. काय मजा येते सांगू!

धागेदोरे:
पेजवाले दादा, ताईंनी काही लपवलेलंच नाही, हाच तर प्रश्न आहे. आणि तुम्ही लपवलीत याचा पत्ता त्याला लागतोच. त्याचा शेजारी दुसऱ्या फोनवरून बघतो आणि सांगतो की तुझी कमेंट इथे नाही.

शेंगदाणा_सोलापूर:
वर्डप्रेस आहे. भाच्याने लावून दिलंय, तो आता पुण्यात असतो. कमेंट थेट दिसतात. मी स्वतः चारपाच टाकून बघितल्या, सगळ्या दिसल्या. आणि हो, आणखी एक बाई म्हणाल्या होत्या की त्यांनी काळ्या मसाल्याची रेसिपी विचारली ती आलीच नाही. मला वाटलं त्यांचंच नेट गेलं असेल.

धागेदोरे:
तुम्ही लॉगिन करून टाकल्या ना? मग दिसणारच. लॉगिन असलेल्या मालकाच्या कमेंटला वर्डप्रेस गाळणी लावतच नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, परक्या नावाने आणि वेगळ्या ईमेलने दोन कमेंट टाका. एकीत लिहा "लेख छान आहे". दुसरीत लिहा "काळा मसाला घरी कसा करायचा". मग काय होतं ते सांगा.

त्याआधी आणखी एक बघा. `Settings → Discussion` मध्ये बरंच खाली `Disallowed Comment Keys` नावाची पेटी आहे. तिच्यात काय लिहिलंय ते इथे चिकटवा. शिव्या असल्या तरी चालतील, आम्ही सगळे मोठे आहोत.

शेंगदाणा_सोलापूर:
पहिली दिसली, दुसरी गायब!! पेटीत भाच्याने शिव्यांची यादी टाकलीय. सगळ्या इथे लिहवत नाहीत. चोर, साला, गाढव, नालायक, हरामखोर आणि पुढच्या तुम्ही समजून घ्या.

धागेदोरे:
सापडलं. "साला".

वर्डप्रेस अख्खा शब्द बघत नाही, अक्षरांची तीच ओळ कुठेही आली की पकडतं. "मसाला" मध्ये "साला" आहे. "माणसाला", "दिवसाला", "तासाला", "उसाला" यांच्यातही आहे. मराठीत स वर संपणाऱ्या शब्दाला ला लावलं की "साला" तयार. आणि तुमचा ब्लॉग खाण्याचा! "चोर" चं तेच, चोरमले आडनावाचा माणूस तुमच्याकडे कमेंटच करू शकत नाही, कारण ही गाळणी नाव, ईमेल, वेबसाइट सगळं तपासते.

या पेटीत अडकलेली कमेंट थेट `Trash` मध्ये जाते. तुम्हाला ईमेल येत नाही, लिहिणाऱ्याला "तपासणीत आहे" असंही दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते उडवल्यासारखंच दिसतं. डावीकडे `Comments`, मग वर `Trash`. तिथे बघा, भाच्याने रिकामं केलं नसेल तर ते गृहस्थ तिथेच बसलेले असतील.

पुणे_सातारा:
एवढं कशाला? "साला" च्या आधी आणि नंतर स्पेस द्या, म्हणजे सुटा शब्दच पकडेल. मी माझ्या साइटवर असंच केलंय.

धागेदोरे:
तुमच्याकडे ते चालतंय असं तुम्हाला वाटतंय. वर्डप्रेस प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा आधी छाटतं, मग शोधतं. खासगी खिडकीतून "मसाला" टाकून बघा तुमच्याकडे.

पुणे_सातारा:
बघतो. (माझा ब्लॉग सायकलींवर आहे, मसाला कोण लिहिणार.)

धागेदोरे:
"दिवसाला किती किलोमीटर" असं तरी कुणी विचारत असेलच की.

शेंगदाणा_सोलापूर:
ट्रॅशमध्ये चाळीसेक कमेंट निघाल्या! अर्ध्याअधिक कौतुकाच्या!! आणि ते गृहस्थही सापडले. त्यांनी लिहिलं होतं: "चटणी तीन महिने टिकते असं लिहिणाऱ्या माणसाला सोलापूरचा मे महिना माहीत नाही. आमची पंधरा दिवसांत खवट झाली. लोकांचे दाणे वाया घालवू नका." आता याला काय उत्तर द्यायचं? बोलायची पद्धत बघा की ओ यांची.

वकिलीण_बाई:
पद्धत सोडा. ताई, तीन महिने हा आकडा कुठून आला?

शेंगदाणा_सोलापूर:
आमच्या सासूबाई ठेवतात की. फ्रिजमध्ये, काचेच्या बरणीत.

वकिलीण_बाई:
लेखात फ्रिज लिहिलंय का?

शेंगदाणा_सोलापूर:
फ्रिजमध्येच ठेवतात ना सगळे.

हुतात्मा_बाग:
कोण म्हणतं? आमच्याकडे उखळात कुटून पितळी डब्यात ठेवतात, फ्रिजमध्ये चटणी दगड होते. आणि मुळात त्यात लसूण किती घातलाय ते सांगा. लसूण जास्त असेल तर लवकर बिघडते. आजकाल मिक्सरमध्ये फिरवून त्याला चटणी म्हणतात, तेल सुटत नाही, नुसता भुगा.

धागेदोरे:
हुतात्मा काका, खवटपणा लसणाचा नाही, दाण्यातल्या तेलाचा. कुटलं की तेल वर येतं, हवा लागते, चाळिशीपार उन्हाळ्यात ते फार लवकर खवट होतं. म्हणजे ते गृहस्थ त्यांच्या डब्यापुरते बरोबर आहेत आणि सासूबाई त्यांच्या बरणीपुरत्या.

ताई, आता क्रम सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या कमेंटखाली `Restore` दाबा. ती `Pending` मध्ये जाईल, तिथे `Approve` करा. "लोकांचे दाणे वाया घालवू नका" हे वाक्य तसंच राहू द्या, एक अक्षर बदलू नका. त्यात शिवी नाही, नुसता राग आहे. मग लेख दुरुस्त करा, म्हणजे "तीन महिने" च्या पुढे फ्रिज आणि काचेची बरणी जोडा आणि खाली तारीख टाकून लिहा की वाचकाच्या कमेंटवरून ही ओळ वाढवली. तिसरं काम म्हणजे उत्तर, तेही त्यांच्या पहिल्या कमेंटखालीच. तुम्ही काय लिहिणार होता ते टाका बरं इथे.

शेंगदाणा_सोलापूर:
मी लिहिलं होतं: "आपण आधी नीट वाचायला शिका. मी एकही कमेंट उडवत नाही. वीस वर्षं चटणी करतेय, मला शिकवू नका. खोटे आरोप थांबवा."

धागेदोरे:
हे वाचणारा तिसरा माणूस काय बघेल? चटणी किती टिकते ते यात नाहीच. त्यापेक्षा हे बघा:

"तुमची कमेंट शिव्या गाळणाऱ्या यादीमुळे आपोआप ट्रॅशमध्ये गेली होती, कारण 'माणसाला' या शब्दात यादीतला एक शब्द येतो. आज परत आणली आहे. तीन महिने हा काळ फ्रिजमधला आहे, लेखात ते नव्हतं, आता घातलं आहे. तुमची चटणी बाहेर कशात ठेवली होती ते कळवलंत तर तेही लेखात जोडते."

शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. भांडायला आलेल्याने डब्याबद्दल लिहिलं की पुढचे लोकही डब्याबद्दलच लिहितात. आणि त्यांनी पुन्हा तेच तेच लिहिलं तर दुसऱ्यांदा उत्तर देऊ नका.

यादीचं म्हणाल तर "साला" आणि "चोर" काढून टाका. बाकीचे शब्द वरच्या `Comment Moderation` पेटीत हलवा. तिथे अडकलेली कमेंट ट्रॅशमध्ये न जाता तुमच्या मंजुरीसाठी थांबते, ईमेलही येतो. खालच्या पेटीत फक्त असे लांबलचक शब्द ठेवा जे दुसऱ्या कशातच बसणार नाहीत.

वकिलीण_बाई:
उत्तर छान आहे, पण "पैसे घेऊन लिहिता" याचं काय? त्याला बगल दिलीत. ताई, लेखात कुठल्या दुकानाचं नाव आहे का?

शेंगदाणा_सोलापूर:
एका घरगुती चटणीवाल्या वहिनींचं आहे, फोन नंबरसकट. पैसे नाही घेतले ओ. दोन किलो चटणी पाठवली होती त्यांनी, प्रेमाने.

वकिलीण_बाई:
मग तेवढं लेखाच्या सुरुवातीला लिहून टाका. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ASCI चे 2021 चे नियम फुकट मिळालेली वस्तूही धरतात, फक्त पैसे नाही. एका ओळीचं काम आहे, आरोपातली हवाच जाईल.

पुणे_सातारा:
दोन किलो चटणीसाठी जाहिरात म्हणून लिहायचं? मग शेजारणीने दिलेल्या पुरणपोळीचंही लिहा. सोलापुरात पाहुण्याला चटणी देत नाहीत का?

वकिलीण_बाई:
शेजारणीच्या पुरणपोळीचा फोन नंबर लेखात नसतो.

शेंगदाणा_सोलापूर:
वहिनींना वाईट वाटेल हो. विचार करते. बाकी सगळं केलं, उत्तरही टाकलं. पण ट्रॅशमधून आणखी एक निघाली, ती तशीच ठेवलीय. त्यात दुसऱ्या एका दुकानाचं नाव घेऊन लिहिलंय की तिथे चटणीत रंग घालतात, "सामान्य माणसाला फसवतात". ही पण परत आणायची का? नाहीतर परत म्हणतील उडवली.

वकिलीण_बाई:
मंजूर करू नका. तुम्ही स्वतः वाचून मंजूर केलीत की "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही, आणि बदनामीचा दावा दुकानदार तुमच्यावरही करू शकतो. पुरावा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, असं त्यांना ईमेलवर कळवा.

धागेदोरे:
मी दुकानाचं नाव तेवढं गाळून, तिथे "नाव काढले आहे – संपादक" असं स्पष्ट लिहून लावली असती. रंगाचा मुद्दा वाचकांच्या कामाचा आहे.

वकिलीण_बाई:
सोलापुरात चटणीची दुकानं मोजकीच. नाव गाळलं तरी बाजारात सगळ्यांना कळेल.

पार्क_चौक:
कुठलं दुकान ते इथे तरी सांगा ना ताई, आम्ही घेणार नाही तिथून.

हुतात्मा_बाग:
लाल रंग असला की समजायचं मिरची कमी. आणि लसणाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.