"दुसरा याहून स्वस्त देतोय, तुम्ही किती कमी कराल?" – तुम्ही काय उत्तर देता? (अनुभव धागा)

बोहनी: माझं घरगुती शिवणकामाचं युनिट आहे. हल्ली गिऱ्हाईक दर विचारत नाही, थेट दुसऱ्याच्या कोटेशनचा फोटो पाठवतं आणि खाली एक ओळ: "हे बघा, काय करता?" तुमच्या धंद्यात अशा मेसेजला नेमकं काय लिहून पाठवता? झालेला प्रसंग सांगा. सल्ले इकडेतिकडे भरपूर मिळतात.

छपरावरचा: सांगली भागात घरांवर सोलर बसवतो. आमच्याकडे हा मेसेज रोजचाच.

ताजं उदाहरण. एका ताईंना 3 किलोवॉटचा भाव दिला होता 1,95,000. त्यात 540 वॅटची 6 पॅनेलं, इन्व्हर्टर, गच्चीवर खालून माणूस चालेल असं उंच स्ट्रक्चर, अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर आणि वीज कंपनीशी किती वीज गेली-आली ते मोजणाऱ्या नेट मीटरची सगळी धावपळ. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज: "दुसरे 1,58,000 म्हणतात. तुम्हीही तेवढ्यात करा, काम तुम्हालाच द्यायचंय."

मी आकड्यावर बोललोच नाही, त्यांचं कोटेशन मागितलं. पाच ओळींचा कागद. पॅनेलच्या पुढे फक्त वॅट लिहिलेले, डीसीआर आहेत की नाहीत याचा पत्ता नाही. स्ट्रक्चरची उंची नाही. तळाला बारीक अक्षरांत "नेट मीटर खर्च ग्राहकाचा".

घरगुती जोडणीवर पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॉटला 78,000 सबसिडी मिळते, पण पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. त्यालाच आम्ही डीसीआर माल म्हणतो. तो महाग पडतो. डीसीआर नसलेली पॅनेलं लावली की कोटेशन झटकन खाली येतं आणि सबसिडी जाते. मग माझं काम त्यांना 1,17,000 ला पडतं आणि ते "स्वस्त" काम 1,58,000 लाच राहतं.

मी असं लिहिलं:

"ताई, कोटेशन पाठवलंत ते बरं झालं. त्यांना दोन गोष्टी लिहून द्यायला सांगा: पॅनेल डीसीआर आहेत का, आणि नेट मीटरचा खर्च कोणाकडे. दोन्हींना 'हो, आमच्याकडे' असं उत्तर आलं तर तो भाव खरंच चांगला आहे, तसं मी स्वतः सांगेन. माझा भाव कमी करायचा असेल तर उंच स्ट्रक्चरऐवजी बसकं घेऊ, 1,83,000 होतील. पण मग गच्चीचा तो भाग वापरता येणार नाही. पॅनेल आणि अर्थिंगमध्ये मी काही कमी करणार नाही."

समोरच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, कारण हे मेसेज पुढे जातात. गावात तर त्याच्या चुलतभावापर्यंत जातात.

त्यांनी तिकडे विचारलं. डीसीआर लिहून द्यायची वेळ आली तेव्हा भाव 1,84,000 झाला, नेट मीटर वेगळंच. ताईंनी माझं उंच स्ट्रक्चरच घेतलं, गच्चीवर उन्हाळी वाळवण असतं म्हणून. भाव तोच, 1,95,000.

सदाशिव: एवढं लिहिण्यापेक्षा सरळ उपाय सांगतो. पहिलाच भाव दहा टक्के चढवून द्यायचा. मग गिऱ्हाईक मागतं, आपण देतो, दोघंही खूश. माझ्या फर्निचरच्या दुकानात हेच चालतं.

छपरावरचा: दुकानात चालेल, समोर बसून सौदा होतो. आमच्याकडे आधी चार कोटेशनं मागवतात आणि सगळ्यात वरचं न बोलताच बाजूला ठेवतात. चढवलेला भाव उतरवायची संधीच येत नाही. शिवाय एकाच सोसायटीत एकाला कमी केलं की दुसरा फोन करून फरक मागतो.

आणि दहा टक्के म्हणजे किती ते बघा. 1,95,000 च्या कामात माल, मजुरी, वाहतूक जाऊन माझ्या हातात 23 हजारांच्या आसपास उरतात. दहा टक्के सूट म्हणजे साडेएकोणीस. उरलेल्या साडेतीन हजारांत पाच वर्षांची देखभाल करायची. इन्व्हर्टरचा एरर आला की जायला कोण तयार होईल?

ताटवाटी: मी डोंबिवलीत केटरिंग करते. मुंजीसाठी 380 ताट सांगितलं, त्यांना कुणी 290 म्हटलं होतं. मी म्हटलं, दादा, 290 चं ताटही करते, पण त्यात श्रीखंडाऐवजी शिरा, एकच सुकी भाजी, आणि वाढपी कमी, पंगतीऐवजी बुफे. दोन्ही मेन्यू लिहून पाठवले. त्यांनी 290 वाल्याकडेच केलं. का ते विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्याच नात्यातून फोन आला, आणि त्या बाईंनी पहिलं वाक्य काय म्हणावं? "थोडं कमी करा ना." 😀

मीठमिरची: मला तर भाजीवालीकडेही घासाघीस जमत नाही. कोथिंबीर फुकट मागायला लाज वाटते. कुणी युक्ती सांगेल का?

बोहनी: ताई, आपण इथे दुसऱ्या बाजूला उभे आहोत, विकणाऱ्याच्या. 🙂

निवृत्त नाना: मी वर्षानुवर्षं एका कारखान्यात खरेदी विभागात होतो, म्हणजे तुम्हाला असले मेसेज पाठवणारा माणूस. आतली गोष्ट सांगतो. ज्याच्याकडून घ्यायचंच नाही त्याला आम्ही दुसऱ्याचा भाव दाखवत नव्हतो. दाखवला याचा अर्थ बहुतेक वेळा तुम्ही आवडला आहात, पण वरच्या साहेबाला किंवा घरी सांगायला कारण हवंय. छपरावरच्यांच्या मेसेजने ताईंना तेच कारण मिळालं.

पण एक बघा. काही जण खोटा आकडाही सांगतात. मीही सांगितलेला आहे. कोटेशन दाखवा म्हटलं की अशा माणसाचा आवाज लगेच बदलतो.

पूर्णविराम: अनुवादक आहे. माझ्याकडे उंच आणि बसकं स्ट्रक्चर नाही. शब्दाला दर, बस. एजन्सी म्हणते दुसरा निम्म्यात करतो, आणि तो खरंच करतो. मी शेजारी ठेवायचं काय? एकदा त्यांच्याच मजकुराचं एक पान करून पाठवलं, पसंत पडलं, दर मात्र तोच राहिला. ते काम सोडलं. दुसऱ्या कुणाकडे याचं बरं उत्तर असेल तर हवंय.

ताटवाटी: मुदत, फेरतपासणी, किती वेळा दुरुस्ती – हे वेगळं करून दर लावता येईल का?

पूर्णविराम: लावून बघितलं. ते म्हणतात, तपासणी आम्ही करतो. करत नाहीत.

सदाशिव: छपरावरचे, प्रत्येकालाच सबसिडी लागू असते असं नाही ना? माझ्या दुकानाच्या छपरावर बसवायचं असेल तर?

छपरावरचा: बरोबर पकडलंत. ही सबसिडी घरगुती जोडणीलाच आहे. दुकानाला डीसीआर नसलेलं पॅनेल लावलं तरी ते काही वाईट नसतं, वीज तेवढीच देतं. तिथे माझं अर्धं उत्तर गळून पडतं, आणि अशी काही दुकानं माझ्या हातून गेलीही आहेत. तिथे फक्त केबलची जाडी, अर्थिंग, स्ट्रक्चरचं गॅल्व्हनायझिंग आणि बिघाड झाल्यावर किती तासांत येणार, एवढंच दाखवता येतं. बरेच दुकानदार ते ऐकून घेतात आणि खालच्या आकड्याकडे जातात.

घरगुतीवाल्यांनी मात्र माल आल्यावर लगेच पॅनेल कंपनीचं डीसीआर प्रमाणपत्र मागून घ्यावं. त्यावरचे अनुक्रमांक आणि पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचे क्रमांक जुळतात का ते बसवायच्या आधी बघा, बसक्या स्ट्रक्चरवर चढवल्यावर मागची बाजू दिसत नाही.

बोहनी: आजच एकीला ब्लाउजसाठी दोन भाव लिहून पाठवले, अस्तरासह आणि अस्तराविना. निळ्या दोन टिका आल्या आहेत, उत्तर नाही.