अनुभव धागा: फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही

टेरीटॉवेल
केबल लावली की फोनवर चार्जिंगची खूण येते आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म. हा अनुभव बऱ्याच जणांना आलेला असणार, म्हणून धागा काढतेय. आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. नमुन्यांचे फोटो रोज फोनवरून कॉम्प्युटरवर घ्यावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले की फोटो दाबले जातात, मग टॉवेलचा पोत नीट दिसत नाही आणि गिऱ्हाईक तेच विचारत बसतं. त्यामुळे केबलशिवाय गत्यंतर नाही.

आमच्याकडे निघालं ते असं. टेबलावर पडलेली केबल मुळात दाढीच्या ट्रिमरबरोबर आलेली होती. त्याच पोर्टात पेन ड्राइव्ह लावला तर चालला, म्हणजे पोर्ट ठीक होता. फोनच्या डब्यातली केबल शोधून लावली आणि कॉम्प्युटरने लगेच ‘टिंग’ केलं. ट्रिमरच्या केबलने फोन चार्ज होत होता, पण हा आवाज कधीच आला नव्हता.

‘ड्रायव्हर टाका’ हे उत्तर सगळीकडे मिळतं, ते इथे नको. तुमच्याकडे नेमकं काय निघालं आणि ते कसं ओळखलं, तेवढं लिहा.

कडकभाकरी
सोपं आहे. सेटिंग्जमध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारायची, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे USB debugging चालू करायचं. माझा फोन त्यानंतर दिसायला लागला. इतकं केलं की केबल कुठलीही चालते.

सोल्डरगन
@कडकभाकरी, शेवटचं वाक्य सोडा. केबलमध्ये डेटाच्या तारा नसतील तर सेटिंग काहीही करा, कॉम्प्युटरला फोन दिसणार नाही. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये विजेच्या दोनच असतात.

USB debugging हे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी असतं, फोटो घ्यायला त्याची गरज नाही. तुमचं काम झालं असेल तर त्याच यादीत Default USB configuration नावाचं एक कलम असतं, ते तुम्ही File Transfer वर नेलं असणार. तसं असेल तर debugging बंद करून बघा, फोन तरीही दिसेल. ते कायम चालू ठेवू नका.

बाळीवेस
आमच्याकडे केबल चांगली होती, आवाजही यायचा, पण This PC मध्ये फोनचं नाव दिसायचं आणि उघडलं की आत काहीच नाही. आईचा फोन. कारण दोन निघाली. एक म्हणजे फोन लॉक असताना केबल लावली जायची. पॅटर्न काढून स्क्रीन उघडी असल्याशिवाय फोन आतलं काही दाखवत नाही. दुसरं, वरून पडदा खाली ओढला की Charging this device via USB अशी सूचना असते. तिच्यावर टिचकी मारून File Transfer निवडावं लागतं. काही फोनवर ही सूचना अगदी तळाशी, Silent खाली लपलेली असते. आई म्हणे, ‘पूर्वीच्या फोनला असलं काही लागत नव्हतं.’ आणि ते खरंही आहे.

सोल्डरगन
खरं आहे. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) केबल लावल्यावर फोन आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो. स्टँडवरच्या कुठल्याही पोर्टात फोन लावला आणि समोरच्याला फायली दिसल्या, असं होऊ नये म्हणून.

या सूचनेचा आणखी एक उपयोग सांगतो. कॉम्प्युटरला केबल लावल्यावर ती USB ची सूचना येतच नसेल, नुसतं Charging दिसत असेल, तर फोनला समोर कॉम्प्युटर आहे हेच कळलेलं नाही. सेटिंग शोधत बसू नका. अडचण केबलमध्ये, फोनच्या पोर्टात नाहीतर कॉम्प्युटरच्या पोर्टात आहे. सूचना येते पण फायली दिसत नाहीत, तेव्हा सेटिंग बघायचं.

हुरडा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. फोन कॉम्प्युटरला लावला की फार हळू चार्ज होतो, भिंतीच्या चार्जरला पटकन होतो. ही पण चार्जिंगवाली केबल म्हणायची का?

टेरीटॉवेल
@हुरडा, कॉम्प्युटरला फोन दिसतो का? फायली येत असतील तर केबल ठीक आहे.

सोल्डरगन
कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबी २ पोर्टातून ५०० मिलीअँपियरच मिळतात. त्यात हळूच होणार.

कन्नाचौक
का बे, चार्ज होलालंय म्हणजे पोर्ट चांगलाच असणार की! पोर्टात घाण असती तर आधी चार्जिंगच बंद पडलं असतं. सगळा दोष केबलचा. बारीक केबल घ्यायचीच नाही, जाड घ्यायची.

सोल्डरगन
यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हाच गैरसमज घेऊन लोक दुकानात येतात.

टाइप-सीच्या तोंडात वीज एका टोकावरून येत नाही. विजेसाठी चार टोकं असतात आणि ग्राउंडसाठी, म्हणजे वीज परत जायला, आणखी चार. म्हणजे एकदोन टोकांवर घाण बसली तरी उरलेल्यांवरून चार्जिंग चालू राहतं. कॉम्प्युटरला फोन दिसण्यासाठी ज्या दोन टोकांची गरज असते ती प्लगमध्ये फक्त एकेकच असतात, तीही मधोमध. त्यांच्यापैकी एकाला जरी फोनचं टोक नीट टेकलं नाही तरी डेटा बंद. म्हणून घाण बसली की चार्जिंगच्या आधी डेटाच जातो.

आणि जाडीवरून काही कळत नाही. जाड, कापड विणलेल्या केबलीतही मला दोनच तारा मिळाल्या आहेत.

आता सोलापुरातली गोष्ट. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचा फोन दिवसभर खिशात असतो आणि हवेत सुताची तुसं उडत असतात. प्लग घातला की तीच आत दाबली जातात. असाच एक फोन आला होता. चार्ज होत होता, पण केबल थोडी हलवली की सुटायची. दुसऱ्या फोनमध्ये प्लग पूर्ण आत जायचा, याच्यात मात्र कडेला नखाएवढी फट राहत होती. फट दिसली की मी केबलचा विचार सोडतो.

फोन बंद केला, बॅटरीच्या उजेडात बघितलं. मधली जीभ दिसत होती, पण पोर्टाचा तळ करड्या गादीने भरलेला. लाकडी टूथपिक चाकूने चपटं करून घेतलं. जिभेला हात लावायचा नाही, कडेच्या भिंतीला टेकून तळाशी जायचं आणि बाहेर ओढायचं. सुई, पिन नको, जिभेवरची टोकं वाकतात किंवा एकमेकांना जोडली जातात. तोंडाने फुंकरही मारू नका, ओलावा आत जातो. टॉवेलच्या कापसासारखा एक लगदाच बाहेर आला. प्लग आता टक्कन बसला.

पण काम संपलं नाही. प्लग एका बाजूने घातला तर कॉम्प्युटरला फोन दिसायचा, उलटा करून घातला तर फक्त चार्जिंग. टाइप-सीचा प्लग कसाही घालता येतो कारण फोनच्या जिभेवर दोन्ही बाजूंना डेटाची टोकं असतात. प्लगमध्ये एकाच बाजूला असतात. उलटा केला की तोच प्लग फोनच्या दुसऱ्या बाजूच्या टोकांना टेकतो. तीच केबल दुसऱ्या फोनवर दोन्ही बाजूंनी चालली, म्हणजे दोष या फोनच्या जिभेच्या एका बाजूलाच होता. भिंगातून पाहिलं तर त्या बाजूची मधली टोकं काळी पडलेली होती, बहुतेक घामाने. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशवर घेऊन घासलं, पूर्ण सुकू दिलं, मग दोन्ही बाजूंनी चालू झालं.

कन्नाचौक
उलटा करून बघितलं आत्ता. दिसलालंय की! पण आमचं घर तर चाळीत, यंत्रमाग नाही जवळ. कुठून येतंय हे?

सोल्डरगन
खिशातला कचरा सगळ्यांच्याच असतो. तंबाखूची पुडी त्याच खिशात ठेवता का?

कन्नाचौक
😐

भीमाकाठ
आयफोनवाल्यांनी काय करायचं? माझ्यात ती File Transfer ची सूचनाच येत नाही. केबल मूळ आहे, पोर्ट साफ आहे.

बाळीवेस
आयफोनला तसली सूचना नसतेच. फोन अनलॉक करून लावा, Trust This Computer? असं विचारतो, तिथे Trust दाबून पासकोड टाका. एकदा चुकून Don't Trust दाबलं असेल तर केबल काढून परत लावली की पुन्हा विचारतो. विंडोजमध्ये फोटो आणि व्हिडिओच दिसतील, बाकीच्या फायली फोल्डरसारख्या उघडत नाहीत.

नवीपेठकर
माझा अनुभव कॉम्प्युटरच्या बाजूचा आहे. डबड्याच्या समोरच्या पोर्टात फोन लावला की टिंग-टाँग, टिंग-टाँग, सारखा जोडला-सुटला जोडला-सुटला. छोटे फोटो यायचे, लग्नाचा मोठा व्हिडिओ निम्म्यावर थांबायचा. तीच केबल मागच्या पोर्टात, जो थेट मदरबोर्डवर असतो, तिथे लावली तर सगळा व्हिडिओ गेला. समोरच्या पोर्टाची आतली वायर सैल असेल असं मला वाटतं. मित्र म्हणतो पोर्टाला वीज कमी पडते. उघडून बघितलेलं नाही.

आणि ऑफिसच्या मशीनवर फोन दिसत नसेल तर आधी ऑफिसातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला विचारा. आमच्याकडे बाहेरचं काही जोडणं मुद्दाम बंद केलंय, फोन नुसता चार्ज होतो. मी त्यात एक केबल उगाच विकत घेतली.

केबल घेताना मात्र आता ‘डेटा केबल’ असं सांगून घेतो आणि दुकानातल्याच कॉम्प्युटरला फोन लावून बघतो. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

टेरीटॉवेल
@सोल्डरगन, कारखान्यातल्या एका कामगाराच्या फोनचं तुम्ही सांगितलं तसं साफ केलं. फट गेली. आता एका बाजूने कॉम्प्युटरला दिसतो, दुसऱ्या बाजूने नाही, अल्कोहोलनेही फरक पडला नाही. बाहेरचा दुकानवाला म्हणतो चार्जिंगची पट्टी, म्हणजे पोर्ट बसवलेला आतला छोटा बोर्ड, बदला. बदलायची का?

सोल्डरगन
भिंगातून टोकं पाहा. जिभेवरचा सोनेरी मुलामा उडालेला असेल किंवा टोक वाकलेलं असेल तर साफसफाईने होणार नाही, पट्टी लागेल. पण मुलामा शाबूत असेल आणि तरीही एकच बाजू चालत असेल तर दोष पट्टीत आहे की पुढे मुख्य बोर्डवर, हे फोन उघडल्याशिवाय मी सांगू शकत नाही. एक बाजू चालतेय तोवर त्या कामगाराचे फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मगच फोन दुकानात द्या. आणि प्लगच्या चालणाऱ्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावा, नाहीतर रोज दोन्हीकडून घालून बघत बसाल.

हुरडा
माझ्या फायली येतात हो. मग केबल ठीकच म्हणायची?