"हॅन लाव आणि विसर" हे मत कितपत खरं? मोटरच्या करंटमधला साइडबँड आणि विंडोची निवड

रोटरबार
इंडक्शन मोटरच्या एका फेजचा करंट १०२४ हर्ट्झने सॅम्पल करतोय. ४०९६ सॅम्पल घेतो, म्हणजे ४ सेकंद. रोटरची पट्टी तुटलेली असेल तर मेन्सच्या दोन्ही बाजूंना साइडबँड दिसायला हवेत, पण मला ५० हर्ट्झभोवती नुसता डोंगर दिसतो. विंडो लावलेली नाही. सगळे सांगतात, "हॅन लाव आणि विसर." हे पटण्यासारखं आहे का? स्लिप साधारण २ टक्के, मेन्स आज ४९.९ च्या आसपास. साइडबँड मेन्सच्या ५० डीबी खाली असेल असा अंदाज आहे.

गौरी
तुमच्यापुरतं तरी पटण्यासारखं आहे, आणि आकडे मांडले की का ते कळतं. ४ सेकंदांत एक बिन ०.२५ हर्ट्झचा. ४९.९ म्हणजे बिन १९९.६, कुठल्याच बिनवर नेमकं बसत नाही. साइडबँड दुप्पट स्लिपइतका दूर, म्हणजे साधारण २ हर्ट्झ, ८ बिन अलीकडे. तो १९२ व्या बिनपाशी येतो.

आता त्या १९२ व्या बिनवर मेन्सचं किती पाणी झिरपतं ते बघा. विंडो न लावता ते मेन्सच्या २८ डीबी खाली असतं. तुमचा साइडबँड ५० डीबी खाली, म्हणजे तो पूर्ण बुडालेला. तुम्हाला दिसतोय तो डोंगर मोटरचा नाही, ४ सेकंदांनी लाट मध्येच कापली त्याचा आहे. हॅन लावली की त्याच बिनवरची झिरप ६३ डीबी खाली जाते आणि साइडबँड १२-१३ डीबीने वर उभा राहतो.

ओंकार
हॅनपेक्षा हॅमिंग लावा. हॅनचा पहिला साइडलोब ३१ डीबीवर आहे, हॅमिंगचा सगळ्यात उंच साइडलोब ४३ च्या आसपास. मुख्य लोबची रुंदी दोघींची सारखीच, दोन्ही बाजूंना दोन-दोन बिन. त्याच रुंदीत ११ डीबी फुकट मिळतात, मग हॅन कशाला?

गौरी
ओंकार, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण ते मेन्सला अगदी चिकटलेल्या बिनांचे आहेत. हॅनचे साइडलोब दर ऑक्टेव्हला १८ डीबीने उतरतात, हॅमिंगचे फक्त ६ डीबीने. हॅमिंगच्या कडा शून्यावर येत नाहीत, ०.०८ वर तुटतात. तेवढी पायरी शिल्लक राहते आणि ती लांबपर्यंत झिरपत राहते. वरच्याच उदाहरणात १९२ व्या बिनवर हॅमिंगने झिरप ४५ डीबी खाली येते. म्हणजे ५० डीबीचा साइडबँड हॅनमध्ये दिसतो आणि हॅमिंगमध्ये बुडतो. साइडबँड तीन बिनांवर असता तर तुमचं म्हणणं विचारात घेतलं असतं.

दोघींची नावं जवळची असल्याने हा घोळ नेहमी होतो. हॅन हे हवामानशास्त्रज्ञ युलिउस फॉन हान यांच्या नावावरून आलं आहे. "हॅनिंग" हे हॅमिंगच्या चालीवर पडलेलं नाव.

ओंकार
उतरण्याच्या वेगाचा विचार मी केला नव्हता. तरी जवळच्या दोन टोनसाठी हॅमिंगच, यावर मी ठाम आहे.

सायली
मला वाटतं सॅम्पलिंगच कमी पडतंय. १०२४ हर्ट्झला वरच्या हार्मोनिक्स खाली दुमडून येतात, त्याचाच हा डोंगर असेल. ८१९२ हर्ट्झने घ्या, स्पेक्ट्रम स्वच्छ होईल.

मंदार
सायली, ते अलायसिंग झालं, हा आजार वेगळा. ५१२ हर्ट्झच्या वरचं काही दुमडून आलंच तर ते सुट्या रेषा म्हणून दिसतं; मेन्सच्या दोन्ही अंगांना सारखे उतार पडत नाहीत. अँटी-अलायसिंग फिल्टर हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण ४०९६ सॅम्पल तेवढेच ठेवून ८१९२ ला गेलात तर रेकॉर्डिंग अर्ध्या सेकंदाचं होतं आणि बिन २ हर्ट्झचा. साइडबँड मेन्सच्या शेजारच्याच बिनमध्ये जाऊन बसेल. इथे कामाला येतात ते सेकंद, सॅम्पलची संख्या नाही.

डोंगर झिरपीचा आहे का हे तपासायचं असेल तर सोपी युक्ती आहे. विंडो न लावता त्याच डेटातले पहिले ४००० सॅम्पल घेऊन पुन्हा एफएफटी करा. ४९.९ आता बिन १९४.९२ वर पडतं, जवळजवळ पूर्ण आकड्यावर. २ हर्ट्झ लांबचा उतार एकदम ११-१२ डीबीने खाली बसेल. मोटरमधली खरी रेषा ९६ सॅम्पल कमी केल्याने एवढी हलत नाही.

तेजस_एडीसी
इथे विंडोची एवढी बाजू घेतली जातेय म्हणून उलट बाजू मांडतो. एडीसीच्या चाचणीत आम्ही विंडो लावतच नाही. जनरेटर आणि सॅम्पलिंग क्लॉक एकाच १० मेगाहर्ट्झ रेफरन्सला बांधायचे आणि रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण सायकल बसवायच्या: ४०९६ सॅम्पलमध्ये १९९ सायकल. १९९ विषम, म्हणून ४०९६ शी सामाईक अवयव नाही आणि प्रत्येक सॅम्पल लाटेच्या वेगळ्या जागी पडतं. झिरप शून्य, टोन एकाच बिनमध्ये. हॅन लावली असती तर तोच टोन तीन बिनांत पसरला असता. मग विंडो ही सक्ती कशासाठी?

गौरी
तुमच्या टेबलावर अगदी बरोबर, पण दोन्ही क्लॉक बांधलेले असतील तोवरच. १०२४ हर्ट्झच्या सॅम्पलिंगला १९९ सायकल म्हणजे ४९.७५ हर्ट्झ. दोन क्लॉकमध्ये ५० पीपीएमचा फरक पडला तर टोन बिनच्या शंभराव्या भागाने सरकतो. एवढ्यानेही विंडोशिवाय ८ बिन लांब ५८ डीबीवर झिरप येते. दोन साध्या क्रिस्टलमध्ये एवढा फरक सहज असतो. आणि मेन्सला तर कोणी बांधून ठेवलेलं नाही, ते चार सेकंदांतही जागेवर राहत नाही.

तेजस_एडीसी
मान्य, मेन्सला माझी पद्धत चालणार नाही. माझा आक्षेप "नेहमी लावा" यातल्या "नेहमी"ला आहे.

रोटरबार
हॅन लावून बघितली. ४७.९ आणि ५१.९ ला दोन छोटी शिखरं आली. ४००० सॅम्पलवरही ती तिथेच आहेत, आणि विंडोशिवायचा उतार खरंच खाली बसला. पण नवीन अडचण: क्लॅम्प मीटर ८.४ अँपिअर दाखवतो, माझा स्पेक्ट्रम मेन्सला ३.८ च दाखवतोय. विंडोने करंट खाल्ला का?

मंदार
खाल्ला, पण हिशेब लागतो. तुम्ही N ने भागलं असणार. हॅनची सरासरी ०.५ आहे, त्यामुळे ८.४ चे ४.२ झाले. भागायचं विंडोच्या बेरजेने. उरलेला दहा टक्के फरक मेन्स दोन बिनांच्या मध्ये पडल्याचा: ०.४ बिन बाजूला असेल तर हॅन ०.९ डीबी कमी वाचते, ऐन मध्यावर १.४ डीबी.

```python
w = scipy.signal.windows.hann(N, sym=False)
X = np.fft.rfft((x - x.mean()) * w)
rms = np.sqrt(2) * np.abs(X) / w.sum()
```

`sym=False` लिहायला विसरू नका, एफएफटीला तीच आवृत्ती हवी. `np.hanning` दुसरी देतो. ४०९६ ला फरक नगण्य, पण ६४ सॅम्पलवर जाणवतो. सरासरी आधी वजा केली आहे, नाहीतर सेन्सरचा ऑफसेट शून्य हर्ट्झपाशी दुसरा डोंगर उभा करतो. अँपिअर अचूक हवे असतील तर तेवढ्यापुरती फ्लॅट टॉप लावा. तिची चूक डीबीच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, पण मुख्य लोब दोन्ही बाजूंना पाच बिन पसरतो. साइडबँड शोधायला ती वापरू नका.

आता माझं मूळ मत. "हॅन लाव आणि विसर" यातलं "विसर" मला पटत नाही. भार कमी झाला आणि स्लिप १ टक्क्यावर आली की साइडबँड ४ बिनांवर येतो. १९५ व्या बिनवर तेव्हा हॅनची झिरप बरोबर ५० डीबी खाली असते, म्हणजे साइडबँडच्याच उंचीची. तिथे दिसतंय ते मेन्स की मोटर, सांगता येणार नाही. त्याच बिनवर चार पदांच्या ब्लॅकमन-हॅरिसची झिरप ९२ डीबीच्या खाली. तिथे ५१ डीबीवर काही उभं असेल तर ते मोटरचंच. तिला मोल एकच: नॉइज फ्लोअर हॅनपेक्षा सव्वा डीबीने वर येतो. मी तीच डीफॉल्ट ठेवीन.

गौरी
आकडे मान्य, निष्कर्ष नाही. ब्लॅकमन-हॅरिसचा मुख्य लोब दोन्ही बाजूंना चार-चार बिनांचा. ४ बिनांवरचा साइडबँड तिच्यात सुटं शिखर होत नाही. मेन्सचा उतार संपतो तिथे एक खांदा दिसतो. डोळ्याला तो कळेल, पण शिखरं शोधणारा कोड तो सोडून देईल. त्यापेक्षा रेकॉर्डिंग ८ सेकंदांचं करा. साइडबँड पुन्हा ८ बिनांवर जातो, आणि हॅनमध्येच झिरप ६५ च्या खाली जाऊन स्वच्छ शिखर मिळतं.

मंदार
भार स्थिर असेल तर. ८ सेकंदांत स्लिप १ वरून ०.९ टक्क्यावर आली तरी साइडबँड ०.१ हर्ट्झ सरकतो, जवळजवळ एक बिन. शिखर पसरतं आणि बुटकं होतं. कॉम्प्रेसर किंवा कन्व्हेयरवर हे रोजचं आहे. अशा वेळी छोटं रेकॉर्डिंग आणि रुंद विंडो परवडते. कोड खांदा ओळखत नसेल तर शिखर शोधण्याऐवजी स्लिपवरून जागा काढून थेट त्या बिनची उंची वाचा.

गौरी
स्लिप अचूक माहीत असेल तर. टॅकोमीटर नसेल तर ती जागा काढणार कशावरून?

रोटरबार
टॅकोमीटर नाही, आणि रात्रपाळीत मोटर जवळजवळ रिकामी चालते; तेव्हा स्लिप अर्ध्या टक्क्यावर येत असेल.

गौरी
अर्धा टक्का म्हणजे साइडबँड अर्ध्या हर्ट्झवर, ४ सेकंदांत दोन बिन. तो हॅनच्याही मुख्य लोबच्या पोटात जातो. कुठलीच विंडो त्याला बाहेर काढणार नाही. शून्यं जोडून एफएफटी लांब केलीत तर तोच डोंगर गुळगुळीत दिसेल, एवढंच. १६ सेकंद लागतील, तेही भार हलला नाही तर. शिवाय रिकाम्या मोटरमध्ये रोटरचा करंटच कमी असतो, म्हणून साइडबँड ५० डीबीपेक्षाही खाली जाईल. मोजणी दिवसा, भारावर करा.

मंदार
याबाबत सहमत. दिवसाचं ४ सेकंदांचं रेकॉर्डिंग दोन्ही विंडोंतून काढा आणि १९० ते १९६ बिनांचे आकडे इथे टाका. खांदा की शिखर, ते त्यावरच बोलू.