अनुभव धागा: वर्षानुवर्षं न सापडलेली सूर-ओळ तुम्हाला कशी सापडली?

सांजवात (फोंडा)

परवा वही चाळताना 2012 सालचं एक पान समोर आलं आणि वाटलं, हा धागा काढूयाच. एखादी चाल कानात बसलेली असते, शब्द माहीत नसतात, विचारणार कोणाला तेही कळत नाही. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर इथे लिहा. सापडली असेल तर कशी सापडली ते सविस्तर सांगा, आणि अजून शोधत असाल तरी लिहा. सुरुवात माझ्यापासून.

2012 च्या पावसाळ्यात माझ्या कार्यालयातल्या सहकाऱ्याचे वडील वारले. मी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेलो. पिएदादची इगर्ज टेकडीवर आहे. शवपेटीपुढे बँड चालला होता, चार-पाच माणसं, एक ट्रंपेट, एक सॅक्सोफोन. चढ असल्यामुळे चाल फार संथ पडत होती. त्यातली एक ओळ थेट आत गेली. पहिला चरण खाली उतरून एकदम वर उडी घेतो. दुसरा चरण तीन पायऱ्या चढतो, तीन उतरतो आणि पुन्हा तीन चढून एका स्वरावर विसावतो. घरी आलो आणि छत्रीही न मिटता पेटी काढली. वहीत लिहिलं ते असं:

ध प म सा रे सा नी॒ ध / नी॒ सा रे सा नी॒ प ध नी सा

पुढच्या आठवड्यात बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्या अंकलना गाठलं. ते म्हणाले, "इगर्जेचें कंतार तें." पण त्या दिवशी त्यांनी बरीच कंतारं वाजवली होती, आणि माझं गुणगुणणं ऐकून त्यांना नेमकं कोणतं ते सांगता येईना. सहकारी तोवर परदेशी गेला होता. मग मी माझ्या पद्धतीने शोधायला लागलो. वहीत दोन्ही निषाद, चढताना शुद्ध, उतरताना कोमल. म्हणजे खमाज नाहीतर देस. काही वर्षं मी नाट्यपदं आणि भजनं धुंडाळण्यात घालवली, कारण वाटायचं, कोणा गोमंतकीय मेस्तांनी आपल्याच एखाद्या पदाची चाल उचलून कंतार बांधलं असेल. ते हाती लागेना तेव्हा कोंकणी आणि पोर्तुगीज कंतारांची पुस्तकं शोधली.

मोबाईलवर गाणं ओळखणारं ॲप इथे कामाचं नव्हतं. ते ठरावीक ध्वनिमुद्रण ओळखतं. माझ्याकडे ध्वनिमुद्रणच नव्हतं, होता तो माझा आवाज. मग एकाने पार्सन्सची पद्धत सांगितली. डेनिस पार्सन्स यांनी 1975 साली अशी एक सूचीच छापली होती. स्वर कोणता हे सोडून द्यायचं, फक्त पुढचा स्वर वर गेला की U, खाली आला की D, तोच राहिला की R. सा कुठे धरला याने काही बिघडत नाही. म्युझिपीडिया या संकेतस्थळावर तसं शोधता येतं. मी टाकलं:

```
*DDUUDDDUUUDDDUUU
```

दर वेळी भलतंच काहीतरी यायचं.

जानेवारी 2022. स्वयंपाकघरातला टीव्ही चालू होता. बातमी होती की 29 जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटमधून ‘अबाइड विथ मी’ ही धून यंदा काढली आहे, आणि मागे जुन्या समारंभाची चित्रफीत लावली होती. बँड वाजवत होता. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. तीन वर, तीन खाली, तीन वर. बायकोने विचारलं, "अहो, काय झालं?" मला उत्तर देता येईना.

नुसता भास नको म्हणून छापील स्वरलिपी मिळवून वहीशी ताडून पाहिली. खरा आराखडा हा:

```
*RDDUUDRDDRUUUDDDUUU
```

तीन R माझ्याकडून गळले होते. पेटीवर बसणारा माणूस तोच स्वर परत आला की त्याला लांबवलेला स्वर समजतो आणि पुढे अवग्रह टाकतो. पण तिथे प्रत्येक स्वराला शब्दाचं एक अक्षर आहे. शब्द मी ऐकलेच नव्हते, म्हणून वीस स्वरांचे माझ्या वहीत सतरा झाले. धून विल्यम हेन्री मंक यांची, 1861 ची. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, 1847 चे. म्हणजे इंग्रजी, तेही प्रॉटेस्टंट परंपरेतलं स्तोत्र, आणि मी पोर्तुगीज पुस्तकांत शोधत होतो.

पेटीमास्तर

सांजवात, वही बरोबर आहे तुमची. हा खमाजच आहे. शेवटचं "प ध नी सा" पाहा, शुद्ध निषादाने षड्जावर येणं. उतरताना कोमल निषाद. इंग्रजाने काहीही नाव दिलं तरी स्वर खमाजाचे.

सांजवात

मास्तर, दहा वर्षं मीही हेच म्हणत होतो. पण दुसऱ्या चरणाची सुरुवात पाहा, "ध नी॒ सा". चढताना कोमल निषाद. खमाजात असं चढत नाहीत ना?

पेटीमास्तर

ते खरं. तिथे मलाही खटकलं होतं. ठुमरीत चालवून घेतात कधी, पण इतकं सरळ नाही.

मांडवीकाठची

मी पणजीला व्हायोलिन शिकले, माझे गुरुजी इगर्जीचे मेस्त होते. त्यांनी आधी सॉल्फेज घोकून घेतलं, मगच वाद्याला हात लावू दिला. ही धून त्यांच्याकडे वाजवलेली आहे, म्हणून लिहिते.

सांजवात, तुम्ही सा चुकीच्या जागी धरलात. तुमचा सा खरं तर प आहे. सगळं परत लिहून पाहा: ग ग रे सा प ध प प म ग, आणि मग ग म प ध प म रे ग म॑ प. आता दोन निषाद नाहीत, दोन मध्यम आहेत. शुद्ध म सगळीकडे, आणि तीव्र म फक्त एकदा, शेवटच्या प च्या अगदी आधी.

पण तुमची चूक बिनबुडाची नव्हती. पाश्चात्त्य स्तोत्रांत दुसऱ्या चरणाच्या शेवटी प वर जाऊन थांबायची पद्धत आहे, आणि थांबताना त्या प ला क्षणभर सा चा मान देतात. प ला सा म्हटलं की तीव्र मध्यम हा त्याचा शुद्ध निषाद होतो. तो कानाला सांगतो, घर आलं. तुम्हाला तिथेच घर आल्यासारखं वाटलं आणि तुम्ही तो सा धरलात. पुढचा चरण पुन्हा मूळ सा कडे वळतो. बँड चढावर चालत पुढे गेला असेल आणि तुम्हाला पहिले दोनच चरण नीट ऐकू आले असतील, तर खरं घर तुमच्या कानावर पडलंच नाही.

सांजवात

नेमकं तसंच झालं. आम्ही मागे होतो, वळणानंतर पावसाच्या आवाजात बाकीचं बुडालं. दहा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्ता पेटीवर तुमच्यासारखं वाजवून पाहिलं. अंगावर काटा आला.

पेटीमास्तर

दोन्ही मध्यम? मग बिहाग म्हणा की.

मांडवीकाठची

मास्तर, बिहागात चढताना रे आणि ध वगळतात. इथे "ग म प ध" सरळ चढतो. आणि बिहागातला तीव्र मध्यम प ला चिकटून, बहुधा उतरताना येतो. इथे तो चढत जाऊन प वर टेकतो. स्वर तेच दिसले तरी चलन वेगळं आहे.

पेटीमास्तर

चलन वेगळं हे मान्य. तरी मी वाजवेन तेव्हा माझा हात बिहागाकडेच जाणार.

रायबंदरकर

"ग रे सा प" वाचलं आणि ओळखलं! ही तर जुन्या टोल्यांच्या घड्याळाची धून. आमच्या आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळात होती.

मांडवीकाठची

घड्याळातला प खालच्या सप्तकातला, ग रे सा वरून आणखी खाली उतरतो. इथे सा वरून प कडे वर उडी आहे. नुसती स्वरांची नावं लिहिली की हा फरक पुसला जातो. पार्सन्सच्या पद्धतीत मात्र तिथे एकाला D आणि दुसऱ्याला U येतो.

सांजवात

रायबंदरकर, याच घड्याळाने माझे दोन महिने खाल्ले! मीही एकदा सा बदलून पाहिला होता आणि तिथेच जाऊन पोचलो होतो. ती टोल्यांची धून मूळ केंब्रिजच्या सेंट मेरी चर्चची, 1793 ची. नंतर लंडनच्या बिग बेनमुळे जगभर पोचली.

कुळागर

माझा अनुभव थोडा निराळा आहे. धाग्यात बसतो का बघा. आमची आजी पौषात मांडावर धालो घालायला जायची. तिची एक ओळ मला आठवते, पुढचे शब्द नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे गेलो, चाल म्हणून दाखवली. प्रत्येकीने ती लगेच ओळखली आणि प्रत्येकीने वेगळंच गाणं म्हटलं! एकाच चालीवर किती गाणी. चाल माझ्याकडे होतीच, हवं होतं ते गाणं सापडलं नाही. शेवटी आजीच्या मामेबहिणीने तीन कडवी दिली. चौथं होतं एवढंच तिला आठवतं.

मांडवीकाठची

बसतो, छान बसतो. स्तोत्रांचंही असंच आहे. म्हणून त्यांत चालीला स्वतःचं वेगळं नाव असतं. ‘अबाइड विथ मी’ हे शब्दांचं नाव, चालीचं नाव ‘इव्हनटाइड’. पुस्तकात चालीखाली 10.10.10.10 असे आकडे असतात, म्हणजे चार चरण, दहा-दहा अक्षरांचे. तेवढ्या मापाचे दुसरे शब्द त्या चालीवर म्हणता येतात. सांजवात, तुम्ही सतराऐवजी वीस स्वर लिहिले असते तर दहा-दहाचं माप तिथेच दिसलं असतं.

सांजवात

वीस भागिले दोन. वही समोर उघडी आहे आणि मी ते सतरा स्वर पुन्हा मोजतोय.

कुळागर, मिळालेली तीन कडवी मामेआजींच्या आवाजात मुद्रित करून ठेवा, चौथ्यासाठी थांबू नका.

निळीखिडकी

माझी अजून सापडलेली नाही. लहानपणी मडगावला मामाकडे असायचे तेव्हा शेजारच्या घरातून संध्याकाळी कोणीतरी पियानोवर वाजवायचं. तीन मात्रांचं, झोक्यासारखं. स्वर मला सांगता येत नाहीत, मी कधी गाणं शिकले नाही. एवढं आठवतं की दर वेळी वाजवणारी व्यक्ती एकाच जागी अडखळायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. त्यामुळे शेवट मी कधी ऐकलाच नाही. ते घर आता पाडलं आहे. गूगलवर गुणगुणून शोधायची सोय 2020 मध्ये आली तेव्हा फोनवर करून पाहिलं, चार वेळा चार वेगळी उत्तरं आली.

मांडवीकाठची

चारही उत्तरं लिहाल का इथे? आणि गुणगुणताना "ला ला" नको, "त त त" म्हणा, प्रत्येक स्वर सुटा पडेल. तुमच्याकडूनही पुनरावृत्तीच गळत असेल तर सांजवातांसारखंच होईल. अडखळायची जागा आठवते का, साधारण कितव्या झोक्यावर?

निळीखिडकी

आज रात्री घर शांत झालं की बसते आणि मोजते.