स्वातंत्र्य चळवळीची कालरेषा : तुम्ही टप्पे कसे लावलेत? (अनुभव धागा)

करवीरकन्या
राज्यसेवेची तयारी करतेय, बसायला करवीर नगर वाचन मंदिरात असते. 1885 ते 1947 हा भाग पहिल्यांदा मी नुसता गोष्टीसारखा वाचला. पेन्सिल हातात घेतली नाही, तारखेकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वाचनात जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आडवी रेघ मारली आणि घटना फक्त क्रमाने टाकल्या. साल तिसऱ्या वेळी, तेही चळवळ जिथे वळली तिथेच. यामुळे डोक्यावरचा ताण खरंच उतरला. 1905 ते 1922 आता झोपेतही सांगेन. पण 1930 ते 34 हा पट्टा अजून सरळ बसत नाही. गोलमेज परिषदा, करार, निवाडा, सगळं एकमेकांच्या अंगावर येतं. ‘योग्य क्रम लावा’वाले प्रश्न नेमके तिथलेच असतात. तुम्ही हे टप्पे कसे लावलेत, सविस्तर लिहा.

बावडेकर
माझी साधी युक्ती आहे भावांनो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक कायदा. स्वदेशी झाली की 1909, होमरूल झाली की 1919, कायदेभंग झाला की 1935, छोडो भारत झालं की 1947. चार खुंट्या ठोकायच्या आणि बाकीचं त्यांवर टांगायचं. पूर्वपरीक्षेला मला लई उपयोग झाला.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
बावडेकर, खुंट्या चांगल्या आहेत, मीही वर्गात वापरायचो. पण असहकार कुठे टांगणार? ती चळवळ 1920 ची, म्हणजे 1919 च्या कायद्यानंतरची, आणि 1922 मध्ये थांबली तेव्हा पदरात कुठलाच कायदा पडला नाही. 1909 चंही तसंच. कायदा आला तरी बंगालची फाळणी तशीच होती, ती रद्द झाली 1911 च्या दिल्ली दरबारात. म्हणून मी कायद्यावर टप्पा तोडत नाही. मी दोन प्रश्न विचारतो, चळवळ कशामुळे पेटली आणि कशामुळे थांबली. असहकार पेटला रौलट कायदा, जालियनवाला आणि खिलाफत यांमुळे, थांबला चौरीचौऱ्यामुळे. चौरीचौऱ्याची तारीख काही पुस्तकांत 4 फेब्रुवारी, काहींत 5. त्यात जीव अडकवू नका. आधी चौरीचौरा, मग त्याच महिन्यात बार्डोलीत माघारीचा निर्णय, एवढा क्रम पक्का हवा.

आता करवीरकन्याचा 1930 ते 34 चा पट्टा. बाळ, एकच प्रश्न धरून चाल. काँग्रेस त्या वेळी कुठे होती, तुरुंगात की टेबलावर?

मार्च 1930 ला दांडीयात्रा निघाली, एप्रिलमध्ये मीठ उचललं, आणि वर्षभरात नेते तुरुंगात गेले. नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली, पण काँग्रेस तिथे नव्हती. देशातला सर्वांत मोठा पक्षच नसेल तर ठरवलेलं टिकणार कसं, हे सरकारला कळत होतं. म्हणून जानेवारी 1931 मध्ये गांधीजींना सोडलं आणि 5 मार्चला गांधी–आयर्विन करार झाला. कायदेभंग तहकूब झाला, म्हणूनच गांधीजी दुसऱ्या परिषदेला जाऊ शकले. तिथे अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वावर गाडी अडली. डिसेंबर 1931 च्या शेवटी ते रिकाम्या हाताने मुंबईत उतरले आणि पुढच्याच आठवड्यात, जानेवारी 1932 मध्ये, पुन्हा अटकेत. कायदेभंगाचा दुसरा अंक इथून सुरू.

लंडनला जे सुटलं नाही ते पंतप्रधान मॅकडोनाल्डनी ऑगस्ट 1932 मध्ये स्वतः ठरवून दिलं. तो जातीय निवाडा. त्यात दलितांना स्वतंत्र मतदारसंघ होते. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण धरलं, आणि 24 सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांच्या सहीने पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा वाढल्या. नोव्हेंबरात तिसरी परिषद, काँग्रेस पुन्हा गैरहजर.

म्हणजे तीन परिषदांपैकी फक्त मधल्या परिषदेला काँग्रेस. हे एक वाक्य धरलं की करार पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे आपोआप बसतो, आणि निवाडा व पुणे करार दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे. बाबासाहेब मात्र तिन्ही परिषदांना होते, तो प्रश्न वेगळा विचारतात.

दहावीची आई
माझ्या मुलीला सरांनी भिंतीला लावायला तक्ता करून आणायला सांगितलाय. कार्डशीट किती मोठं घ्यावं आणि कुठल्या टप्प्याला कुठला रंग द्यावा? महाद्वार रोडला एकच मोठ्या मापाचं मिळालं.

करवीरकन्या
ताई, रंगाचं म्हणाल तर मी दोनच वापरते. चळवळ चालू तो भाग लाल, वाटाघाटी किंवा शांततेचा भाग निळा. 1930 लाल, मार्च 1931 पासून वर्षअखेरपर्यंत निळा, 1932 पासून पुन्हा लाल. मास्तरांचं वाचून आत्ताच तो पट्टा रंगवला, आणि पुणे करार लालमध्ये, तुरुंगातच पडला. पहिल्यांदा तो जागेवर बसला.

शाहूपुरीचा
क्रांतिकारकांची पट्टी वेगळी ठेवा, नाहीतर सगळी खिचडी होते. काकोरी 1925, सँडर्स वध 1928, असेंब्लीतला बाँब 1929, फाशी 1931. खालच्या बाजूला दुसरी रेघ मारायची.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
मला वेगळी पट्टी पटत नाही. भगतसिंगांना फाशी 23 मार्च 1931 ला, म्हणजे गांधी–आयर्विन करारानंतर अठराच दिवसांनी. लगेच महिन्याच्या शेवटी कराची अधिवेशन. तिथे तरुणांनी गांधीजींना काळी फुलं का दाखवली, हे वेगळ्या पट्टीवर कळणार नाही.

शाहूपुरीचा
मास्तर, समजायला तुमचं बरोबर आहे. पण परीक्षेत क्रांतिकारकांचे चार पर्याय एकत्रच येतात, तेव्हा माझी रेघ कामाला येते. मी दोन्ही ठेवणार.

गडहिंग्लजकर
माझा प्रश्न आपल्या भागाचा आहे. डिसेंबर 1942 चा गारगोटीच्या कचेरीवरचा हल्ला, ज्यात सात जण हुतात्मा झाले, तो छोडो भारतमध्ये टाकायचा का? गारगोटी तेव्हा संस्थानात होती ना. आणि कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं 1 मार्च 1949 ला. मग आपली रेघ 1947 ला संपवायची कशी? आमच्या आजोबांच्या तोंडी तर 49 च असायचं.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
गारगोटी छोडो भारतमध्येच, कारण हाक ऑगस्टचीच होती आणि संस्थानच्या हद्दीवर ती थांबली नाही. 1949 बद्दल मात्र माझंही एक मत होत नाही. प्रश्नपत्रिकेत विलीनीकरण बहुधा स्वातंत्र्योत्तर भागात धरतात, पण इथल्या माणसासाठी रेघ तिथेच पुरी होते.

बावडेकर
मास्तर, माझ्या खुंट्यांत असहकार बसत नाही हे मान्य. आता 1939 ते 42 पण सांगून टाका. तिथे पण गर्दी आहे.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
तिथे युद्धाचा हात धर. 1939 ला न विचारता भारताला युद्धात ओढलं म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, इंग्लंड एकटं उरलं, म्हणून ऑगस्ट प्रस्ताव. तो पुरेसा वाटला नाही, म्हणून ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रह, पहिले विनोबा. 1942 च्या सुरुवातीला जपानने सिंगापूर आणि रंगून घेतलं, म्हणून मार्चमध्ये क्रिप्स धावत आले. बोलणी फिसकटली, आणि 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव. आता कागद घे आणि सालं न बघता हे उलट्या क्रमाने लिहून बघ, ठरावापासून राजीनाम्यांपर्यंत. जिथे अडशील तिथलं ‘म्हणून’ पुन्हा वाच.