मदत हवी आहे: बफर ठेवूनही सेलमध्ये ओव्हरसेलिंग

कुर्त्यांचा एकच साठा तीन मार्केटप्लेसवर लावलाय. सिंक दर 15 मिनिटांनी होतो. सेलमध्ये एका साइझचे तासाला 24 नग जातात, म्हणजे दोन सिंकच्या मधे 6. म्हणून बफर 6: गोदामात 20 असले की तिन्हीकडे 14 दिसतात.

तरी ऑर्डर जास्त येतातच. लॉगमध्ये खरी गोम दिसली. पेमेंट बाकी असलेली ऑर्डर मार्केटप्लेस स्वतः वजा करतं, पण आमच्या सॉफ्टवेअरला ती दिसत नाही. पुढचा सिंक पुन्हा जुनाच आकडा चढवतो. नुसता बफर वाढवणं म्हणजे विकला जाणारा माल अडवून ठेवणं.

अशा ऑर्डरचा माल तुम्ही लगेच राखीव धरता का? पेमेंट आलंच नाही तर किती वेळाने सोडता? आणि शेवटचे 5-6 नग एकाच मार्केटप्लेसवर ठेवून बाकी दोन्हीकडे शून्य करणारा नियम कोणी लावलाय का?